दीड मिनिटात चार बायका

मुंबईत वर्सोव्याच्या आराम नगरात कास्टिंगची कार्यालयं दाटीवाटीने वसलेली आहेत. तिथल्या एखाद्या साहाय्यकाने सकाळी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर गरज टाकली, "वय २८ ते ३५, मराठी-हिंदी दोन्ही सफाईदार, निमशहरी वाटायला हवी", की दुपारपर्यंत त्याच्या फोनवर लिंकांचा ढीग पडतो. प्रत्येक लिंकमागे कुणाचं तरी शोरील असतं. कलाकाराने आजवर केलेल्या कामांतले निवडक तुकडे जोडून केलेली ही छोटीशी चित्रफीत. इन्स्टाग्रामवरच्या रीलशी तिचा नावापुरताच संबंध. शोरील पाहून कुणी भूमिका देत नाही, त्यासाठी वेगळी ऑडिशन होतेच. या व्यक्तीला ऑडिशनला बोलवायचं की नाही, एवढंच त्यावरून ठरतं. आणि ते ठरवणारा माणूस चहाचा कप हातात धरून, आजूबाजूच्या गलबल्यात, फोनच्या पडद्यावर ती बघत असतो.

माझं काम संकलनाचं. मालिकांचे भाग लावता लावता नटनट्यांची शोरील करून देणं हा त्याला लागून आलेला जोडधंदा. त्यामुळे एक गोष्ट सतत पाहायला मिळते: काम भरपूर केलेल्या कलाकाराचं शोरील बहुधा जास्त वाईट असतं. नवख्याकडे टाकायला काही नसतं, म्हणून तो आहे ते नीट दाखवतो. अनुभवी माणसाला काहीच सोडवत नाही.

पुण्याहून आलेल्या एका अभिनेत्रीचं उदाहरण घेतो. वय तिशीच्या आसपास, घडण प्रायोगिक नाटकांतली. तिने आणलेल्या पेनड्राइव्हमध्ये एका दैनंदिन मालिकेतले दोन प्रसंग होते. त्यात ती धाकटी जाऊ. एका प्रसंगात स्वयंपाकघरातलं भांडण, दुसऱ्यात इस्पितळाच्या व्हरांड्यातलं रडणं. शिवाय एका वेबमालिकेतला एकच प्रसंग, त्यात ती पोलीस उपनिरीक्षक. फिल्मच्या विद्यार्थ्यांनी केलेला एक लघुपट, त्यात ती एसटी स्थानकावर कुणाची तरी वाट पाहणारी बाई, संवाद जवळजवळ नाहीच. कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात, एका गाण्याच्या व्हिडिओतलं नृत्य, आणि स्पर्धेतल्या नाटकाचं मागच्या रांगेतून केलेलं चित्रण. सगळं मिळून अकरा-बारा मिनिटं. त्यातून दीड मिनिट काढायचं होतं.

तिने स्वतः एक क्रम लावून आणला होता. सुरुवातीला पंधरा सेकंद संगीतावर नाचणारी झलक, त्यात सगळ्या वेशांतले चेहरे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला बदलत होते. मग मालिका, कारण ती सगळ्यांनी पाहिलेली. मग जाहिरात, मग गाणं, मग नाटक. उपनिरीक्षक चौथ्या मिनिटाला. एसटी स्थानकावरची बाई शेवटी, कारण "तो छोटा प्रोजेक्ट होता." थोडक्यात, हा क्रम बायोडेटाचा होता. ज्याचं नाव मोठं ते आधी.

आधी गळती करायची, क्रम नंतर. गळतीसाठी मी दोन साध्या चाचण्या लावतो. पहिली, आवाज बंद करून पाहायचं. मालिकेच्या संकलनात भावना पोचवण्याचं निम्मं काम पार्श्वसंगीत करतं. वाक्य संपलं की ढोलाचा दणका, चेहऱ्यावर तीनदा झूम. हे आम्हीच करतो, तेव्हा मला ते ठाऊक असायलाच हवं! सोव्हिएत दिग्दर्शक ल्येव कुलेशॉव याने शंभर वर्षांपूर्वी एका नटाचा एकच निर्विकार चेहरा कधी सूपच्या ताटलीला, तर कधी शवपेटीला जोडून दाखवला आणि प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक, असं चित्रपटाच्या इतिहासात सांगतात. चित्रपटाला ही जादू उपकारक आहे. शोरीलमध्ये ती फसवी ठरते, कारण इथे नटीने स्वतः काय केलं एवढंच मोजायचं असतं. इस्पितळातल्या रडण्याचा आवाज बंद केला, तर पडद्यावर नाकाला पदर लावलेली एक बाई आणि मागेपुढे होणारा कॅमेरा एवढंच उरलं. भांडणाचा आवाज बंद केला, तरी तिचा जबडा कसा आवळतो आणि हातातली पोळी ती तव्यावर कशी टाकते, ते दिसत होतं. रडणं गेलं, भांडण राहिलं.

दुसरी चाचणी उलटी. पडद्याकडे पाठ करून फक्त ऐकायचं. जाहिरात इथे बाद झाली. तिच्या तोंडी दुसऱ्याच बाईचा आवाज होता. तो तुकडा ठेवला असता आणि उपनिरीक्षकाच्या प्रसंगात खरा आवाज ऐकू आला असता, तर बघणाऱ्याला शंका आली असती की यांतला हिचा कोणता. गाणंही असंच गेलं. नृत्य छान होतं, पण त्यात ती नाचते एवढंच कळत होतं, आणि ते तिच्या माहितीपत्रकात एका ओळीत लिहिता येतं.

नाटकाचं दुःख वेगळं आहे आणि मराठी नटांच्या बाबतीत ते वारंवार पुढे येतं. ज्या कामावर त्यांची खरी घडण झाली, तेच शोरीलमध्ये चालत नाही. मागच्या रांगेतून घेतलेल्या चित्रणात चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचावा म्हणून फेकलेला आवाज फोनच्या स्पीकरमधून निव्वळ ओरडणं वाटतो. यावर उपाय एकच, त्या भूमिकेचा एखादा तुकडा कॅमेऱ्यासाठी पुन्हा करायचा. तिच्या नाटकात वऱ्हाडी बोलणारी एक बाई होती, जी शेजारणीला फोनवर सासूच्या कागाळ्या सांगता सांगता सासू खोलीत आल्याचं पाहते आणि त्याच वाक्याच्या मध्यावर सूर बदलते. तो तुकडा तिने घरीच केला. मागे साधी भिंत, समोर खिडकीचा उजेड, फोन आडवा आणि डोळ्यांच्या उंचीवर, छातीपासून वरची चौकट. पलीकडची वाक्यं मैत्रिणीने कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला उभं राहून हळू आवाजात वाचली. हळू अशासाठी, की मोठ्याने वाचलं तर माइकच्या जवळ असलेलाच माणूस नट वाटायला लागतो. घरी केलेला तुकडा शोरीलमध्ये चालतो का, असं ती विचारत होती. ऑडिशनच मुळात घरून चित्रित करून पाठवण्याचा रिवाज पडल्यापासून त्याचं कुणाला वावडं राहिलेलं नाही. फक्त गाजलेल्या चित्रपटातला प्रसंग करू नये. बघणाऱ्याच्या डोक्यात मूळ नटी जागी होते आणि तुलना सुरू होते.

अशा रीतीने हातात चार तुकडे राहिले: उपनिरीक्षक, वऱ्हाडी बाई, धाकटी जाऊ आणि एसटी स्थानकावरची बाई.

आता आवाका म्हणजे काय, हे इथे नीट पाहायला हवं. बहुतेक नटांना वाटतं की एकदा हसलो, एकदा रडलो, एकदा ओरडलो की आवाका दिसला. कास्टिंगवाल्याला भावनांची यादी नको असते. त्याच्यासमोर माणसांची यादी असते. ही बाई अधिकारी वाटेल का? गावाकडची वाटेल का? कोणती बोली खरी बोलते? पाच जणांत उभी असताना तिचं वजन किती पडतं? या चार तुकड्यांत रडणं एकदाही नाही. पण एक अधिकाराच्या खुर्चीत बसलेली, एक सासूला घाबरून असणारी, एक बरोबरीच्या नात्यात भांडणारी आणि एक कुणाच्याच हिशेबात नसलेली, अशा चार पायऱ्यांवरच्या चार बायका आहेत. बोलण्याची चालही चौघींची चार तऱ्हांची. म्हणून चार पुरले. सगळी कामं एकाच छापाची असतील, तर ओढूनताणून दुसरा छाप आणू नये. त्याच छापातले दोन वेगळे दर्जे दाखवावेत, एक तापलेला आणि एक थंड. सूनच आहे ना, तर भांडणारी सून आणि गप्प राहून घर हलवणारी सून.

क्रमाचा पहिला नियम सरळ आहे. ज्या कामासाठी उद्या बोलावणं यावंसं वाटतं आणि येणं शक्यही आहे, ते आधी. तिला जाऊबाईच्या चौकटीतून बाहेर पडायचं होतं. मालिका पहिली लावली असती, तर बघणाऱ्याने पहिल्या वाक्याला तिला त्या कप्प्यात टाकलं असतं आणि पुढची उपनिरीक्षक त्याला खाकी नेसलेली जाऊ वाटली असती. शिवाय त्या प्रसंगाच्या पहिल्याच चौकटीत एक प्रसिद्ध ज्येष्ठ अभिनेत्री होत्या. ओळखीचा चेहरा दिसला की नजर तिकडे जाते, त्यात बघणाऱ्याचा दोष नाही. म्हणून उपनिरीक्षक पहिली.

दुसऱ्या जागेबद्दल मी जास्त काटेकोर असतो. पहिला तुकडा ही कोण आहे ते सांगतो. आवाका दिसतो तो पहिल्या आणि दुसऱ्या तुकड्याच्या सांध्यात. खाकीतली, मोजकं बोलणारी बाई संपते आणि पुढच्याच चौकटीत तीच बाई "अवं काय सांगू तुले" म्हणत फोनवर सुटते, तेव्हा बघणारा क्षणभर मागे जाऊन चेहरा जुळवून पाहतो. हे जुळवून पाहणं घडलं, की शोरीलचं निम्मं काम झालं. वऱ्हाडीचा तुकडा घरचा, चित्रणाची झळाळी कमी. म्हणून तो पहिला लावता येत नव्हता. दुसरा चालला, कारण तोवर ही बाई बऱ्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली आहे, हे पटलेलं होतं.

तिसरी जाऊ. चौथी एसटी स्थानकावरची. इथे तिचं आणि माझं थोडं वाजलं. तो तुकडा तिच्या मते तिचं सर्वांत चांगलं काम होतं आणि मलाही तसंच वाटत होतं. मग तो शेवटी कशाला? अनेक जण तिथवर पोचतच नाहीत. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण संवाद नसलेला तुकडा गलबल्यात, फोनवर, अनोळखी नटीचा असेल तर बघणारा तो पुढे सरकवतो. तिच्याबद्दल कुतूहल जागं झाल्यावर तोच थांबून पाहतो. म्हणून पहिल्या चाळीस सेकंदांत जे सिद्ध व्हायला हवं ते पहिल्या दोन तुकड्यांनी करायचं, आणि पुढचं ज्याला आणखी बघावंसं वाटेल त्याच्यासाठी ठेवायचं. तिथवर जो आला, त्याला ती शांतता दाखवावी.

सुरुवातीची नाचरी झलक अर्थातच गेली. अर्ध्या सेकंदाच्या चेहऱ्यात अभिनय मावत नाही, फक्त वेशभूषा मावते. तिच्या जागी तीन सेकंद काळ्या पडद्यावर नाव. वय, उंची, "अष्टपैलू अभिनेत्री" वगैरे काही नाही.

आता कात्री. उपनिरीक्षकाचा मूळ प्रसंग एक मिनिट दहा सेकंदांचा. ती आत येते, टोपी काढून टेबलावर ठेवते, बसते. हवालदार चहाचे दोन कप आणतो. समोरचा संशयित तरुण आदल्या रात्री आपण कुठे होतो याची लांबण लावतो, जवळजवळ पंचवीस सेकंद. ती ऐकते. मग म्हणते, "तुझी आई म्हणते तू घरी होतास. तू म्हणतोस नाटकाला होतो." थांबते. "दोघांतलं खोटं कोण बोलतंय?" तो अडखळतो, काहीबाही सांगतो. ती त्याच्याकडे बघत राहते, कप पुढे सरकवते. "चहा घे. थंड होतोय." मग उठून बाहेर जाते.

आत येणं, टोपी, बसणं, हवालदार हे सगळं चित्रपटाच्या सोयीचं, प्रेक्षकाला जागा समजावी म्हणून. शोरीलला जागा समजण्याची गरज नसते. खाकी कपडे आणि टेबल एका नजरेत कळतात. म्हणून आम्ही तुकडा सुरू केला तो तरुणाच्या बोलण्याच्या शेपटावर. पण चित्र त्याचं नाही, तिचं. आवाज त्याचा येतोय, "...मग तिथून थेट नाटकालाच गेलो मॅडम", आणि पडद्यावर ती ऐकतेय. असं एकाचा आवाज दुसऱ्याच्या चित्रावर ओढून घेणं ही संकलनातली रोजची युक्ती आहे. इथे तिचा दुहेरी फायदा झाला. पहिल्या चौकटीपासून बघायचं कुणाकडे याबद्दल गोंधळ राहिला नाही, आणि ती ऐकते कशी हेही दिसलं. ऐकणं हा अभिनयातला अवघड भाग आहे, आणि शोरीलमध्ये तोच आधी कापला जातो.

मग तिची दोन वाक्यं आणि मधली ती थांबण्याची जागा. मूळ प्रसंगात ती दोन सेकंद थांबते. वेळ वाचवायला बसलेला माणूस पहिली कात्री इथेच चालवतो, कारण तिथे "काही घडत नाही." मी ती जागा एका फ्रेमनेही कमी केली नाही. सेकंदाला २५ फ्रेम असल्या, तर त्या थांबण्यात ५० फ्रेम आहेत. तिच्या पापण्या त्यात एकदाही लवत नाहीत, आणि समोरचा तरुण खोटं बोलतोय हे तिला कळलंय, हे आपल्याला त्या ५० फ्रेममध्ये कळतं. वेळ वाचवायचीच होती तर त्या तरुणाच्या पंचवीस सेकंदांतून वाचवायची, आणि त्यातले बावीस तर आधीच गेले होते. ‘द गॉडफादर’पासून ‘अपोकॅलिप्स नाऊ’पर्यंत काम केलेले संकलक वॉल्टर मर्च यांनी ‘इन द ब्लिंक ऑफ अ‍ॅन आय’ या पुस्तकात कट कुठे घ्यावा याचे सहा निकष मांडले आहेत आणि त्यांत भावनेला ५१ टक्के वजन दिलंय. बाकीचे पाच निकष, कथा, लय, नजरेची दिशा वगैरे, मिळूनसुद्धा तिच्यावर मात करू शकत नाहीत. नव्वद सेकंदांच्या घाईतही तो हिशेब बदलत नाही.

"खोटं कोण बोलतंय?" आणि "चहा घे" यांच्यामध्ये तरुणाचं अडखळणं होतं, आठेक सेकंदांचं. ते सरळ कापलं असतं तर तिचा चेहरा एकाच कोनातून झटका खाऊन पुढे उडी मारल्यासारखा दिसला असता. म्हणून त्या जागी तरुणाचा चेहरा घातला, एक सेकंदभर, घाम फुटलेला. त्याच्या मागे तिच्याकडे परतलो तेव्हा कप सरकत होता. सहकलाकाराचा चेहरा शोरीलमध्ये ठेवावा तो असा, सांधा झाकण्यापुरता.

शेवट "थंड होतोय" वर. उठून जाणं काढून टाकलं. पण "होतोय" संपल्याबरोबर कापलं तर काय होतं, ते मी तिला मुद्दाम दाखवलं. शब्दाची शेपटी तुटल्यासारखी वाटते आणि वाक्याचा भार हवेत राहतो. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे नट बऱ्याचदा सगळं वजन त्या शेवटच्या शब्दावर टाकतो. त्याच्यानंतर आठ-दहा फ्रेम, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा, श्वासाला जागा ठेवली. त्याहून जास्त ठेवली की चेहऱ्यावरचा तो ताण सैल पडायला लागतो, डोळे पुढच्या हालचालीच्या तयारीला लागतात. बारीक बघणाऱ्याला तिथे उपनिरीक्षक संपून नटी दिसायला लागते. कापायची जागा या दोहोंच्या मध्ये असते, आणि ती पुढेमागे करून पाहिल्याशिवाय सापडत नाही. एक मिनिट दहा सेकंदांचे झाले वीस सेकंद.

वऱ्हाडीचे सोळा सेकंद झाले. त्यातली गंमत सूर बदलण्यात होती, आणि सूर बदलला हे कळायला आधीचा सूर पुरेसा ऐकू यायला हवा. पहिल्यांदा आम्ही तो अकरा सेकंदांवर आणला, तर विनोदच मेला. विनोदाच्या तुकड्याला तयारी लागते, तिच्यात कंजुषी चालत नाही. एसटी स्थानकाच्या तुकड्यात कात्री जवळजवळ लावलीच नाही. एकच अखंड शॉट निवडला, सतरा सेकंदांचा. गाडी लागल्याची घोषणा होते, ती उठते, पाटी वाचते, परत बसते.

मालिकेचा तुकडा सर्वांत चिवट. भांडणाच्या बहुतेक भागाखाली संगीत होतं आणि तयार भागातून संगीत स्वच्छ वेगळं काढणं सोपं नसतं, कारण चित्रासोबत संवाद आणि संगीत एकाच पट्ट्यात मिसळून आलेले असतात. मधल्या बावीस सेकंदांत मात्र संगीत थांबलं होतं, म्हणून तेच घेतले. आवाज जुळवणं हे एक वेगळंच काम होतं. मालिकेचा आवाज मोठा, लघुपटाचा दबका, घरी केलेल्याचा पोकळ. बघणाऱ्याला मध्येच आवाज कमी-जास्त करावा लागला की त्याचा हात फोनवर जातो, आणि हात फोनवर गेला की पुढची लिंक जवळच असते. म्हणून चारही ठिकाणी संगीत वा गोंगाट न धरता फक्त तिच्या बोलण्याची पातळी एकसारखी केली. लघुपट बिनसंवादाचा, तर घोषणेचा आवाज त्या पातळीच्या किंचित खाली ठेवला. वाहिनीचा शिक्का कोपऱ्यात होता, तो तसाच राहू दिला. धूसर करायला गेलं तर नजर तिथेच जाते. लघुपटाच्या वरखालच्या काळ्या पट्ट्याही तशाच. त्या घालवायला चित्र मोठं केलं असतं, तर चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंचं स्थानक कापलं गेलं असतं.

मग परीक्षा. तिला ओळखत नसलेल्या, पण कास्टिंगशीही संबंध नसलेल्या एकाला फोनवर दाखवलं आणि शेवटी एकच विचारलं, "किती वेगवेगळ्या बायका पाहिल्यास आणि त्यांतली कोणती हिची?" तो म्हणाला चार, आणि तिसऱ्या ठिकाणी त्याने भलतीवरच बोट ठेवलं. भांडणाच्या प्रसंगात दोघी जावांच्या साड्या एकाच हिरव्या छटेच्या, दोघींच्या केसांत गजरे, आणि तुकड्याची सुरुवात दोघींच्या एकत्र चौकटीने. तिचं काम चांगलं वाटलं होतं त्याला, पण ते त्याने दुसरीच्या नावावर जमा केलं होतं. सुरुवात बदलून तिच्या एकटीच्या चेहऱ्यावर नेली आणि दोघी एकत्र दिसल्या त्या चार सेकंदांनंतर. हा घोटाळा तिच्या किंवा माझ्या लक्षात आला नसता. आम्हाला ती कोण हे ठाऊक होतं.

हिशेब असा झाला: नाव तीन सेकंद, मग वीस, सोळा, बावीस, सतरा, आणि शेवटी नाव व संपर्काची पाटी चार सेकंद. एकूण ८२. तुकड्यांमध्ये संक्रमणाच्या करामती नाहीत, सरळ कट. तिने विचारलं, "आठ सेकंद शिल्लक आहेत, गाण्यातला थोडा नाच घालू या का? नाहीतरी नव्वदची मुभा आहेच."

मुभा आहे म्हणून भरायचं, हेच तर आपण इतका वेळ काढून टाकत होतो. कोणता तुकडा भरती आहे हे ओळखायला मी त्याला एकदा पूर्ण उचलून शोरील पाहतो. जाऊ उचलली, तर बरोबरीच्या नात्यातली बाई नाहीशी झाली. वऱ्हाडी उचलली तर बोलीच गेली. नाच घालून पाहिला आणि मग उचलला, तर काहीच गेलं नाही, उलट कपाचं सरकणं जवळ आलं. नाच राहिला बाहेर. नव्वद सेकंद ही कमाल मर्यादा आहे, साठ सेकंदांचंच चांगलं काम असेल तर साठावर थांबावं.

पाठवण्याबद्दल दोनच गोष्टी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून टाकला की तो दाबला जातो आणि चेहऱ्यावरची बारीक हालचाल धूसर होते. लिंक द्यावी, किंवा फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडावी. आणि अजून प्रदर्शित न झालेल्या कामातला तुकडा निर्मात्याला विचारल्याशिवाय कुठेही जाहीर टाकू नये. तसं करणाऱ्याला पुढचं काम मिळायची अडचण होते.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. एका चित्रपटात तिने वकिलाचं काम केलं होतं, छोटं पण नेमकं, आणि तो तुकडा शोरीलच्या शेवटी जोडून हवा होता. पण वकील आणि उपनिरीक्षक या एकाच पायरीवरच्या बायका. दोन्ही प्रश्न विचारणाऱ्या, दोन्ही थंड. दोन्ही ठेवल्या असत्या तर पाच तुकड्यांत चारच बायका राहिल्या असत्या. दोन्ही लागोपाठ पाहिले, आवाज बंद करून आणि मग पाठ करून. वकिलाच्या तुकड्यात ती इंग्रजी आणि मराठी यांच्यामध्ये सफाईने ये-जा करत होती आणि चित्रण जास्त चांगलं होतं, पण ऐकतानाची ती दोन सेकंदं त्यात नव्हती. शेवटी उपनिरीक्षक पहिल्या जागी राहिली, वकील जाऊच्या जागी आली आणि जाऊ बाहेर गेली. दोघींमध्ये वऱ्हाडी बाई होतीच, त्यामुळे त्या दोन थंड बायका एकमेकींना लागल्या नाहीत. नवी लांबी ७९ सेकंद.